बाबांना भाडं देताय? मग आधी वही-पेन घेऊन बसा

*ताई, कोथरूडला आई-बाबांच्या थ्री बीएचकेमध्ये मी, बायको आणि मुलगा असे राहतो. फ्लॅट बाबांच्या नावावर आहे. माझा पगार वर्षाला १५ लाख. त्यात महिन्याचा बेसिक ६२,५०० आणि एचआरए २५,०००. ऑफिसातले मित्र म्हणतात, बाबांना महिना २५,००० भाडं दाखव, अख्खा एचआरए माफ होईल आणि साठ-पासष्ट हजार टॅक्स वाचेल. एप्रिलपासून मी बाबांना घरखर्चाचे १५,००० पाठवतोच आहे, तर एप्रिलपासूनचाच करार करून टाकता येईल का? आमच्या सोसायटीत असाच फ्लॅट नुकताच ४२,००० ला गेला. माझ्या बाकी वजावटी: ८०सी पूर्ण दीड लाख, एनपीएस ५०,०००, माझा आणि आई-बाबांचा मेडिक्लेम मिळून ६०,०००, शैक्षणिक कर्जाचं व्याज १,६०,०००. बाबा ६६ वर्षांचे, पेन्शन महिना ३५,०००, एफडीचं व्याज वर्षाला ८०,००० च्या आसपास. ते म्हणतात, "पैसे दे, मी परत तुझ्या खात्यात टाकतो, पण माझ्यामागे नोटीस लागायला नको." किती भाडं ठरवू आणि कोणते कागद करू?*

*— अ. पा., कोथरूड, मे २०२५*

नमस्कार,

आई-वडिलांना भाडं देऊन एचआरएची सूट घेणं कायद्यात बसतं. आयकर कायद्याचं कलम १०(१३ए) आणि त्याखालचा नियम २ए, दोन्हींत घरमालक नातेवाईक नसावा असं कुठेही म्हटलेलं नाही. अटी दोनच आहेत: राहतं घर तुमच्या मालकीचं नसावं आणि भाडं तुम्ही खरोखर भरलेलं असावं. त्यातला "खरोखर" हा शब्द महत्त्वाचा. पुढचं सगळं त्याच्याभोवतीच आहे.

कागदांआधी हिशेब करू. मित्रांनी सांगितलेला आकडा दोन ठिकाणी चुकलाय.

पहिली चूक, एचआरएइतकं भाडं दाखवलं की अख्खा एचआरए माफ होतो ही समजूत. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ती वर्षानुवर्षं चालत आली आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा-सात जणांचा तोच समज असतो. प्रत्यक्षात तीन रकमा काढायच्या आणि सगळ्यांत कमी असेल तेवढीच सूट मिळते. एक, मिळालेला एचआरए: तुमचा महिन्याला २५,०००. दोन, पगाराच्या ४० टक्के. इथे पगार म्हणजे बेसिक, आणि सेवाशर्तींत धरलेला असेल तर महागाई भत्ता. बोनस, स्पेशल अलाउन्स यात येत नाहीत. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला ५० टक्के आहेत. २०२५-२६ या वर्षी पुणे ४० टक्क्यांतच येतं. ६२,५०० चे ४० टक्के म्हणजे पुन्हा २५,०००. तीन, भाड्यातून पगाराचे १० टक्के वजा केल्यावर उरते ती रक्कम. २५,००० भाड्यातून ६,२५० गेले की उरतात १८,७५०. सगळ्यांत कमी हीच रक्कम, म्हणून सूट १८,७५० ची. उरलेल्या ६,२५० एचआरएवर कर लागेल.

अख्खा एचआरए माफ करून घ्यायचा तर भाडं ३१,२५० हवं. हा आकडा मी मुद्दाम सांगतेय, कारण तो तुम्ही स्वतः काढालच आणि मोह होईल. अख्खा फ्लॅट बाजारात ४२,००० ला जातो. त्यातला काही भाग तुमच्याकडे आणि काही आई-बाबांकडे. तीन बेडरूमपैकी दोन तुम्ही वापरता, हॉल आणि स्वयंपाकघर सगळ्यांचं, असं असेल तर २५,००० शोभतात. ४२,००० चे दोन तृतीयांश २८,००० होतात, त्याच्या आत आपण आहोत. ३१,२५० म्हणजे फ्लॅटच्या भाड्याचे जवळपास तीन चतुर्थांश, आणि तेही मालक घरातच राहत असताना. कुणी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नसेल. २५,००० वर थांबा.

दुसरी चूक जास्त महागात पडणारी आहे. एचआरएची सूट फक्त जुन्या कररचनेत मिळते. नवी रचना २०२३-२४ पासून आपोआप लागू होते आणि तिच्यात ही सूट नाहीच. म्हणून भाडं दाखवून किती वाचलं, हे जुन्या रचनेतल्या जुन्या आकड्याशी ताडून कळत नाही. भाडं न दाखवता तुम्ही नव्या रचनेत जो कर भरला असता, त्याच्याशी ताडायला हवं.

तुमचेच आकडे घेऊ. नव्या रचनेत १५ लाखांतून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की उरतात १४,२५,०००. त्यावर २०२५-२६ च्या टप्प्यांनी कर होतो ९३,७५०, चार टक्के सेस धरून ९७,५००. यासाठी एकही कागद करायचा नाही, बाबांना विचारायचं नाही.

आता जुनी रचना. १५ लाखांतून ५०,००० ची प्रमाणित वजावट, २,५०० व्यवसाय कर आणि तुम्ही लिहिलेल्या चार वजावटी मिळून ४,२०,००० काढले की उरतात १०,२७,५००. भाडं नसेल तर यावरचा कर सेससकट १,२५,५८० होतो. म्हणजे भाड्याशिवाय जुनी रचना तुम्हाला साफ तोट्याची.

भाड्याची सूट किती धरायची? करार आता होणार, म्हणून भाडं १ जूनपासून. मार्चपर्यंत दहा महिने. महिन्याला १८,७५० प्रमाणे सूट १,८७,५००. करपात्र उत्पन्न ८,४०,००० वर येतं आणि कर सेससकट ८३,७२०.

९७,५०० आणि ८३,७२० यांतला फरक १३,७८० रुपये. यंदाचा तुमचा खरा फायदा एवढाच. मित्रांचे साठ-पासष्ट हजार कसे आले तेही कळलं: त्यांनी पूर्ण तीन लाख माफ धरले आणि तुलना नव्या रचनेशी केलीच नाही.

आणखी एक. हे १३,७८० तुमच्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर उभे आहेत. ते व्याज साधारण ६६,००० नी कमी असतं, तर दोन्ही रचनांत कर सारखाच आला असता आणि भाड्याचा सगळा खटाटोप फुकट गेला असता. कर्ज फिटत जाईल तसं व्याज उतरतं, म्हणून ही बेरीज-वजाबाकी दर वर्षी एप्रिलमध्ये नव्याने करा. एकदा करार केला म्हणून तो पुढे ओढत राहू नका. ज्यांचा पगार १२,७५,००० पर्यंत आहे त्यांनी तर या वाटेला जाऊच नये. नव्या रचनेत त्यांचा कर शून्यच होतो. परवाच एक मुलगी आईच्या सहीच्या पावत्या घेऊन आली होती. पगार साडेअकरा लाख. मी पावत्या तिच्या हातात परत दिल्या.

हे १३,७८० तुम्हाला हवे आहेत असं धरून पुढे जाऊ. पण त्यातून बाबांच्या बाजूचा खर्च वजा करायचाय.

बाबांच्या आयकराची काळजी यंदा तरी नाही. भाडं त्यांच्या उत्पन्नात "घरापासूनचं उत्पन्न" म्हणून येतं आणि त्यातून ३० टक्के सरसकट वजा होतात, दुरुस्ती केली असो वा नसो. दहा महिन्यांचे अडीच लाख, त्यातून ७५,००० गेले, राहिले १,७५,०००. पेन्शन ४,२०,००० मधून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की ३,४५,०००. त्यात एफडीचे ८०,००० मिळवा. एकूण सहा लाख. नव्या रचनेत १२ लाखांपर्यंत कलम ८७ए ची सवलत कर शून्यावर आणते. बाबांना एक रुपयाही भरायला लागणार नाही. रिटर्न मात्र भरावंच लागेल, आणि त्यात भाडं दाखवावंच लागेल. "कर लागत नाही म्हणजे दाखवायची गरज नाही" असं ते म्हणतील. बहुतेक वडील तेच म्हणतात, आणि मुलगा अडकतो तो तिथेच. त्याकडे शेवटी येते.

महापालिकेच्या मिळकत कराकडेही बघा. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका मिळकत करात ४० टक्के सवलत देते, तीच जिच्यासाठी पीटी-३ अर्ज भरून घेतले जातात. भाड्याने दिलेल्या घराला ती नाही. तुमच्या घरात बाबा स्वतः राहतायत, पण नोंदणीकृत भाडेकरार त्याच घराचा असेल. करार करण्याआधी बाबांना बिल घेऊन तुमच्या भागाच्या संपर्क कार्यालयात पाठवा आणि घराचा काही भाग मुलाला दिला तर सवलतीचं काय, ते विचारून घ्या. सवलत जाणार असेल, तर तिची रक्कम १३,७८० मधून वजा करा. मोठ्या घरांत ती सहज पाच-सहा हजारांच्या घरात जाते. तसं असेल तर मी तुमच्या जागी नवी रचना घेऊन मोकळी झाले असते.

सोसायटीच्या बाबतीत घाबरू नका. मालक तिथेच राहतो आणि राहायला आलेला त्याचा मुलगा आहे, त्यामुळे मालक स्वतः राहत नसला की सोसायटी लावते त्या ना-वापर शुल्काचा प्रश्न येत नाही.

आता कागद. पहिला कागद तुमचा नाही, बाबांचा: फ्लॅटचा इंडेक्स टू. तुम्ही "फ्लॅट बाबांच्या नावावर" असं लिहिलंय, तरीही तो कपाटातून काढून वाचा. गृहकर्ज घेताना बँकेने मुलाला सहकर्जदार केलं आणि खरेदीखतात त्याचंही नाव घालून टाकलं, अशी कितीतरी घरं आपल्याकडे आहेत. दहा-पंधरा वर्षांनी ते कुणाच्या लक्षातही नसतं. तुमचं नाव त्यात निघालं, तर एचआरएचा विचार सोडून द्या; स्वतःच्या घराचं भाडं स्वतः भरता येत नाही. आईचं नाव निघालं तर भाडं दोघांना त्यांच्या हिश्शाप्रमाणे द्या, आणि दोघांच्याही रिटर्नमध्ये ते येऊ द्या.

मग करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकावर, म्हणजे तुमच्या बाबांवर आहे. घरातल्या घरात आहे म्हणून सूट नाही. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागवणारे बरेच आहेत. पण तुमचा करार उद्या कुणी तपासणार असेल, तर तो धडधडीत नोंदलेला असलेला बरा. ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते: आधार, अंगठा, फोटो, दोन साक्षीदार. अकरा महिन्यांचं एकूण भाडं २,७५,०००. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे सातशेच्या आसपास, आणि पालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. एजंटला बोलावलंत तर त्याचे वेगळे. डिपॉझिट ठेवू नका, गरज नाही.

करारात एक परिच्छेद नीट लिहून घ्या, तयार नमुन्यात तो नसतो. "सदनिका क्रमांक अमुक" एवढंच लिहिलं तर अख्खा फ्लॅट तुम्हाला दिला असा अर्थ होतो, आणि मग बाबा कुठे राहतात हा प्रश्न उभा राहतो. त्याऐवजी साधं लिहा: सदर सदनिकेतील पूर्वेकडील दोन शयनगृहे व त्यांना जोडलेले स्नानगृह लायसन्सीच्या वापरासाठी, दिवाणखाना व स्वयंपाकघर लायसन्सर व लायसन्सी यांच्या सामायिक वापरासाठी, उर्वरित शयनगृह लायसन्सरच्या स्वतःच्या वापरासाठी. जे खरं आहे तेच कागदावर येतं. बाबा घरातच राहतात याचा पुरावा महापालिकेच्या सवलतीसाठीही उपयोगी पडेल.

एप्रिलपासूनच्या कराराचं मात्र विसरा. नोंदणीवर तारीख उमटते, ती मागे नेता येत नाही, आणि मागच्या तारखेचा स्टॅम्पपेपर मिळवून देणारा कुणी भेटला तर त्याच्याकडे जाऊ नका. शिवाय एप्रिल-मेमध्ये तुम्ही पाठवलेले १५,००० भाडं नव्हतंच. तुम्हीच पत्रात त्याला घरखर्च म्हटलंय. किराणा, वीजबिल, दूध यांत घातलेला पैसा भाडं होत नाही. ते दोन महिने सोडा. त्यांची किंमत ३७,५०० ची सूट, म्हणजे कराचे साधारण ७,८००. त्यासाठी खोटा कागद करू नये.

घरखर्चही तुम्ही पुढे देणार असाल, आणि द्यालच, तर तो वेगळा ठेवा. भाड्याचे २५,००० दर महिन्याच्या पाच तारखेला तुमच्या पगाराच्या खात्यातून बाबांच्या खात्यात जातील अशी स्थायी सूचना बँकेत देऊन टाका, शेऱ्यात "भाडे जून २०२५". घरखर्चाचे पैसे आईच्या खात्यात किंवा दुसऱ्या तारखेला. दोन्ही एकत्र ४०,००० म्हणून गेले, की त्यातलं भाडं किती हे बँकेच्या स्टेटमेंटवरून कुणालाच सांगता येत नाही. भाडं रोख तर देऊच नका. मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणापुढे २०१७ मध्ये असंच एक प्रकरण निकालात निघालं: मुलीने आईला भाडं रोख दिल्याचं म्हटलं होतं, पण करार नव्हता, सोसायटीला पत्र नव्हतं, बँकेत माग नव्हता, तिथे राहत असल्याचा पुरावा नव्हता. सूट नाकारली गेली. आईला भाडं दिलं हा आक्षेप नव्हताच. भाडं दिलं हेच सिद्ध झालं नाही. उलट २०१३ मध्ये अहमदाबादच्या न्यायाधिकरणाने नवऱ्याने बायकोला दिलेलं भाडंसुद्धा मान्य केलं होतं. नातं आड येत नाही. माग नसणं आड येतं.

बाबांच्या "परत टाकतो" बद्दल. त्यांचा हेतू प्रेमाचाच आहे, हे मला कळतं. पण पाच तारखेला २५,००० गेले आणि सात तारखेला २५,००० परत आले, की भाडं दिलंच गेलं नाही. दोन स्टेटमेंटं शेजारी ठेवली की ते शाळकरी मुलालाही दिसेल. बाबांना सांगा, हे पैसे तुमचे. त्यांनी त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स भरावा, मिळकत कर भरावा, औषधं घ्यावीत, आईला घेऊन कोकणात जावं, एफडी करावी. एफडी त्यांच्याच नावावर राहिली पाहिजे. पैसे बाबांकडे राहू देणं तुम्हाला परवडणार नसेल, तर ते भाडं तुम्हाला परवडत नाही, आणि मग सूटही नको.

पावत्या महिन्याच्या महिन्याला करा. हे मी हात जोडून सांगते, कारण जानेवारीत काय होतं ते मी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ नोटीस घेऊन आले तेव्हा सोबत बारा पावत्या होत्या. मी त्या टेबलावर ओळीने मांडल्या. बाराही एकाच निळ्या पेनच्या, आणि शेवटच्या तीन पावत्यांवर शाई फिकी पडत गेलेली. रेव्हेन्यू स्टॅम्प एकाच पट्टीतले, फाडलेल्या कडा एकमेकींना जुळत होत्या. वडिलांची सही पहिल्या पावतीवर सुवाच्य, बाराव्या पावतीवर नुसता फराटा, कारण एका बैठकीत बारा सह्या करून हात थकलेला. ऑफिसने त्या पावत्या निमूटपणे घेतल्या होत्या. पुढे बँकेचं स्टेटमेंट मागितलं गेलं आणि त्यात एकही रक्कम निघाली नाही. कर, त्यावरचं व्याज आणि वर दंड भरताना ते गप्प बसून होते. खोटी वजावट दाखवली असं ठरलं, तर कलम २७०ए खाली दंड त्या कराच्या दुप्पट असतो.

तुमची पावती चार ओळींची असू द्या: कोणाकडून, किती रक्कम अंकी व अक्षरी, कोणत्या महिन्याचं कोणत्या पत्त्याचं भाडं, कसं मिळालं (बँकेचा व्यवहार क्रमांक घाला), आणि खाली बाबांचं नाव, पॅन व सही. पाच हजारांच्या वरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावतात, ते लावून सही त्याच्यावरून जाऊ द्या. पाच तारखेला पैसे जमा झाले, सहा तारखेला चहाच्या वेळी पावती. दोन मिनिटांचं काम.

सोसायटीच्या सेक्रेटरीला बाबांच्या सहीचं साधं पत्र द्या की अमुक तारखेपासून घरातल्या दोन खोल्या मुलाला लिव्ह अँड लायसन्सने दिल्या आहेत, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मुंबईच्या त्या प्रकरणात जे नव्हतं त्यातली ही एक गोष्ट, आणि ती फुकट होते.

ऑफिसला दोन गोष्टी आत्ताच कळवा. एक, यंदा टीडीएस जुन्या रचनेने कापा, नाहीतर एचआर तुमचे कागद बघणारही नाही. दोन, वर्षाच्या शेवटी फॉर्म १२बीबी. त्यात भाड्याची रक्कम, बाबांचं नाव, पत्ता आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असल्यामुळे त्यांचा पॅन. सोबत कराराची प्रत, पावत्या. कुठे कुठे इंडेक्स टू किंवा मिळकत कराचं बिलही मागतात. तुमचं भाडं महिना ५०,००० च्या आत आहे, म्हणून भाड्यातून टीडीएस कापायचा प्रश्न नाही. बायको नोकरी करत असेल तर तिने याच भाड्यावर वेगळी सूट मागायची नाही. आणि तुमचं रिटर्न मुदतीत भरा. मुदत उलटली की जुनी रचना निवडता येत नाही आणि वर्षभराचं सगळं वाया जातं.

आता बाबांचं रिटर्न, ज्याकडे येते म्हटलं होतं. फॉर्म १२बीबीतला बाबांचा पॅन ऑफिसच्या कपाटात पडून राहत नाही. कंपनी शेवटच्या तिमाहीच्या टीडीएस विवरणात, २४क्यूमध्ये, घरमालकाचा पॅन आयकर खात्याला कळवते. म्हणजे एका बाजूला तुम्ही बाबांना अडीच लाख दिलेत, ही माहिती खात्याकडे असते आणि दुसऱ्या बाजूला बाबांचं रिटर्न. त्यात भाडं नसेल तर तफावत मशीनलाच दिसते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने स्वतःच सांगितलं होतं की भाडं देणाऱ्याने दाखवलेली आणि घेणाऱ्याने दाखवलेली रक्कम यांचा ताळा २०२०-२१ च्या काही प्रकरणांत घेतला गेला. बाबांना ज्या नोटिशीची भीती वाटते ती भाडं दाखवल्याने येत नाही, लपवल्याने येते. हे त्यांना तुम्ही समजावून सांगितलंत तर पटणार नाही कदाचित, माझा हा परिच्छेद वाचून दाखवा. काका, कर शून्य आहे. अडीच लाख रुपये "घरापासूनचं उत्पन्न" या रकान्यात लिहायचे, ३० टक्के आपोआप वजा होतील, आणि रिटर्न पाठवून ई-व्हेरिफाय करायचं.

ही सगळी जुळवाजुळव एका फायलीत ठेवा: इंडेक्स टूची प्रत, करार, दहा पावत्या, तुमच्या आणि बाबांच्या बँकेची जून ते मार्चची स्टेटमेंटं, सोसायटीची पोच, आणि पुढच्या जुलैनंतर बाबांच्या रिटर्नची पोच. वर्ष संपलं म्हणून ती फाइल रद्दीत घालू नका. अशा चौकशा दोन-तीन वर्षांनीही येतात.

मिळकत कराचं बिल मात्र आधी बघा. सवलत जाणार असेल आणि आकडा सहा हजारांच्या वर निघाला, तर मला पुन्हा लिहा, आपण नव्या रचनेचाच हिशेब पक्का करू.